पुतळ्यापासून किती लांब उभं राहावं? नव्वद अंशांची बेरीज

ठाण्यात आमच्या शाळेजवळ एक छोटी बाग आहे. तिच्या मधोमध उंच चौथऱ्यावर एक उभा पुतळा आहे. दहावीच्या मुलांना उन्नत कोन शिकवताना मी दरवर्षी त्यांना तिथे घेऊन जातो. पुस्तकातला दीपस्तंभ आणि त्याची सावली पाहून मुलं कंटाळलेली असतात, समोर खरा पुतळा दिसला की जागी होतात. तीन वर्षांपूर्वी एका मुलीने तिथे विचारलं, "सर, अगदी पायाशी गेलं तर मान मोडते आणि पुतळा आखूड दिसतो. पार फाटकापाशी गेलं तर छोटा दिसतो. मग मध्ये कुठेतरी तो सगळ्यात मोठा दिसत असणार ना?"

असतोच. ती जागा नेमकी सापडते, आणि ती शोधायला पुतळ्याची उंची माहीत असण्याचीही गरज नाही. इथे 'मोठा दिसणे' याचा अर्थ एवढाच धरायचा, की पुतळ्याच्या पायाकडे जाणारी नजरेची रेषा आणि डोक्याकडे जाणारी रेषा यांच्यामधला कोन मोठा. डोळ्याच्या पडद्यावर पुतळ्याची प्रतिमा किती लांब उमटते, हे या कोनावर ठरतं.

प्रश्न जुना आहे. योहानेस म्युलर नावाच्या जर्मन गणितज्ञाने 1471 मध्ये एर्फुर्टच्या क्रिस्टियान रोडरला पत्रातून तो घातला होता. हवेत उभी टांगलेली काठी जमिनीवरच्या कोणत्या जागेवरून सगळ्यात लांब दिसेल, असं त्याने विचारलं होतं. हा म्युलर रेगिओमोंटानुस या नावाने ओळखला जातो, म्हणून गणितात हा प्रश्नही त्याच नावाने चालतो. काठीच्या जागी आपण पुतळा ठेवू.

कोन मोजायची सोय

बहुतेक फोनमध्ये पातळी आणि तिरकेपणा दाखवणारं अ‍ॅप असतं किंवा फुकट मिळतं. फोनची लांब कड नजरेच्या रेषेत धरायची, कडेवरून बंदुकीचा नेम धरावा तसं पुतळ्याच्या टोकाकडे पाहायचं आणि शेजारच्याला आकडा वाचायला सांगायचा. एकट्याने पाहणं आणि वाचणं दोन्ही करायला गेलं की हात हलतो आणि दोन-तीन अंश सहज चुकतात. त्याआधी फोन टेबलावर ठेवून आकडा बघावा, मग तो तिथेच अर्धा गोल फिरवून पुन्हा बघावा. दोन्ही वेळा तिरकेपणा सारखाच आणि उलट्या बाजूला आला तर टेबल तिरकं आहे. दोन्ही वेळा एकाच बाजूला आला तर फोन चुकतोय आणि तेवढे अंश प्रत्येक वाचनातून काढायला हवेत.

फोन नको असेल तर कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. त्याच्या सरळ कडेला शीतपेयाची नळी चिकटपट्टीने लावायची, मध्यबिंदूतून दोरा सोडायचा आणि दोऱ्याला एक नट बांधायचा. नळी आडवी असताना दोरा 90 वर असतो. नळी वर उचलली की दोरा 90 पासून जितका सरकेल तितका उन्नत कोन. दोरा 58 वर आला, तर उन्नत कोन 32. ही वजाबाकी विसरू नका, ती विसरल्याने काय होतं ते पुढे सांगतो.

चालत जा आणि बेरीज करा

पुतळ्याच्या बरोबर समोर उभं राहा. पायाचा उन्नत कोन घ्या, डोक्याचा घ्या आणि दोन्हींची बेरीज करा. बेरीज 90 पेक्षा कमी आली तर तुम्ही लांब आहात, पुढे या. 90 पेक्षा जास्त आली तर जवळ आहात, मागे सरका. बेरीज 90 झाली की थांबा. हीच ती जागा.

आमच्या बागेतल्या पुतळ्याचे आकडे देतो. चौथऱ्याचा माथा जमिनीपासून 4 मीटरवर आहे आणि पुतळा साडेतीन मीटर उंच आहे. माझे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर आहेत. म्हणजे माझ्या डोळ्यांच्या पातळीपासून पुतळ्याची पावलं 2.5 मीटर वर आणि डोकं 6 मीटर वर आहे. पावलं चौथऱ्याच्या पुढच्या कडेशी आलेली आहेत, त्यामुळे ती झाकली जात नाहीत.

7 मीटरवरून पायाचा कोन साधारण 19.5 आणि डोक्याचा 40.5 येतो. बेरीज 60, फरक 21. म्हणजे पुतळा 21 अंशांचा दिसतोय आणि आपण लांब आहोत. 5 मीटरवर 26.5 आणि 50 होतात. बेरीज साडेशहात्तर, फरक साडेतेवीसच्या आसपास. 4 मीटरवर 32 आणि 56 येतात. बेरीज 88, फरक 24 च्या थोडा वर. 3 मीटरवर आलं की 40 आणि 63 होऊन बेरीज 103 वर जाते आणि फरक पुन्हा साडेतेवीसवर घसरतो. म्हणजे 4 मीटरच्या किंचित अलीकडे, 3.87 मीटरवर बेरीज 90 होते आणि तिथेच पुतळा सगळ्यात मोठा, 24.3 अंशांचा दिसतो.

कोनमापकावर नवख्याची गडबड होते ती इथेच. कुणी वजाबाकी न करता दोऱ्याचेच आकडे जोडतो. योग्य जागेवर त्यांचीही बेरीज 90 येते, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. पण इतर ठिकाणी दिशा उलटते. दोऱ्याची बेरीज जास्त आली की तो मागे जातो, आणि खरं तर त्याने पुढे यायला हवं असतं. मागे गेल्यावर बेरीज 90 च्या जवळ येण्याऐवजी आणखी लांब पळू लागली, तर वजाबाकी राहून गेली आहे असं समजावं.

90 च का?

डोळ्यांच्या पातळीवर जमिनीला समांतर एक रेषा मनात धरा. आपण पुढे-मागे होतो तेव्हा डोळा याच रेषेवरून सरकतो. आता पुतळ्याच्या पायातून आणि डोक्यातून जाणारं आणि या रेषेला फक्त एका बिंदूत स्पर्श करणारं वर्तुळ कल्पा. स्पर्शबिंदूवर डोळा ठेवला तर पुतळा वर्तुळाची जीवा होतो आणि डोळ्यापाशी आंतरलिखित कोन होतो. वर्तुळाच्या त्याच बाजूच्या कोणत्याही बिंदूवरून ही जीवा तेवढ्याच कोनात दिसते. वर्तुळाबाहेर गेलं की कोन लहान होतो. आणि डोळ्याच्या रेषेवरचे बाकी सगळे बिंदू वर्तुळाच्या बाहेर आहेत, कारण रेषा वर्तुळाला एकदाच टेकते. म्हणून स्पर्शबिंदू हीच सर्वोत्तम जागा. हे पटवायला एकही समीकरण लागलं नाही, याचा आनंद मला दरवर्षी नव्याने होतो.

आता पुतळ्याची उभी रेषा खाली डोळ्याच्या पातळीपर्यंत वाढवा. ती एका बिंदूत मिळेल. त्या बिंदूतून वर्तुळाला एक स्पर्शिका जाते, ती आपली डोळ्याची रेषा. एक छेदिका जाते, ती पुतळ्याची रेषा. दहावीचं स्पर्शिका-छेदिका रेषाखंडांचं प्रमेय सरळ लागू पडतं:

```
x² = a × b
x = √(a × b)
```

यात a म्हणजे डोळ्यापासून पायाची उंची, b म्हणजे डोळ्यापासून डोक्याची उंची आणि x म्हणजे उभं राहायचं अंतर. आमच्या पुतळ्याला 2.5 गुणिले 6 बरोबर 15, आणि 15 चं वर्गमूळ 3.87.

बेरीज 90 येते तीही यातूनच. x² = a × b हेच a/x = x/b असंही लिहिता येतं. म्हणजे पायापर्यंतचा छोटा काटकोन त्रिकोण आणि डोक्यापर्यंतचा मोठा काटकोन त्रिकोण समरूप आहेत, फक्त एक आडवा पडला आहे. छोट्या त्रिकोणातला डोळ्याजवळचा कोन मोठ्या त्रिकोणातल्या वरच्या टोकाच्या कोनाएवढा असतो, आणि मोठ्या त्रिकोणातले ते दोन लघुकोन मिळून 90 होतात. पुतळा किती उंच आणि चौथरा किती उंच, याचा इथे संबंधच उरत नाही. म्हणूनच टेप नसली तरी चालतं.

टेप कुठून धरायची

टेप घेऊन काम केलं तर एक चूक हमखास होते. पहिल्या वर्षी मुलांनी वर्गातच 3.87 काढून आणलं होतं. बागेत टेप लावली, खडूने फुली मारली आणि एक जण फुलीवर उभा राहिला. कोनांची बेरीज 76 आली. आधी मला कोनमापकावर शंका आली, दोरा बदलला, तरी 76 च. मग लक्षात आलं, की मुलांनी टेपचं टोक चौथऱ्याच्या सगळ्यात खालच्या पायरीला लावलं होतं. ती पायरी पुतळ्याच्या पुढे 1.2 मीटर आलेली आहे. म्हणजे मुलगा प्रत्यक्षात पुतळ्यापासून पाच मीटरहून थोडा लांब उभा होता.

अंतर मोजायचं ते पुतळ्याच्या बरोबर खालच्या जमिनीपासून, आणि ती जागा चौथऱ्याच्या पोटात असते. त्यासाठी चौथऱ्याच्या बाजूला जावं, पुतळ्याच्या रेषेत जमिनीवर खडूने खूण करावी आणि त्या खुणेपासून सरळ पुढे टेप न्यावी. कठडा आडवा येत असेल तर कठड्यापर्यंतचं आणि कठड्यापुढचं अशी दोन मोजमापं जोडावीत. टेपने काढलेलं उत्तर कोनांच्या बेरजेने तपासल्याशिवाय मी आता स्वीकारत नाही.

थोडं चुकलं तर?

काही बिघडत नाही, आणि याचा फायदा घेता येतो. वरच्या आकड्यांत 3 मीटर आणि 5 मीटर या दोन्ही ठिकाणी फरक साडेतेवीस आला होता. तो योगायोग नाही. 3 गुणिले 5 बरोबर 15. ज्या दोन अंतरांचा गुणाकार a × b एवढा होतो, त्या दोन्ही जागांवरून पुतळा सारखाच मोठा दिसतो. अडीच मीटर आणि 6 मीटर ही दुसरी जोडी, दोन्हीकडून 22.4 अंश. म्हणजे सर्वोत्तम जागेपासून सव्वा मीटर मागे गेलो तर एक अंशही गमावत नाही, आणि मानेचा ताण मात्र बराच कमी होतो. वाचनात एक-दोन अंशांची चूक झाली तर जागा पंधरा-वीस सेंटिमीटर हलते. दिसण्यात तिचा फरक कळतसुद्धा नाही.

उंचीने मात्र फरक पडतो. ज्या मुलाचे डोळे 1 मीटरवर आहेत, त्याला पावलं 3 मीटर वर आणि डोकं साडेसहा मीटर वर. 3 गुणिले 6.5 म्हणजे 19.5, वर्गमूळ 4.42. छोट्याने मोठ्यापेक्षा अर्धा मीटर मागे उभं राहायला हवं. आपण नेमकं उलट करतो, लहान मुलांना पुढे ढकलतो.

मला चेहरा पाहायचा असेल तर

इथवर संपूर्ण पुतळ्याचा कोन मोठा केला. पण पुतळ्यासमोर उभं राहून आपण पाहतो काय? चेहरा. आणि सर्वोत्तम जागेवरून चेहराच आक्रसलेला असतो.

आकड्यांत बघा. 3.87 मीटरवरून पुतळ्याचा सगळ्यात खालचा अर्धा मीटर, म्हणजे पावलं आणि घोटे, 4.9 अंशांचे दिसतात. सगळ्यात वरचा अर्धा मीटर, म्हणजे डोकं, फक्त 2.3 अंशांचं. तेवढीच उंची, पण निम्म्याहून कमी दिसते. एकूण कोन सगळ्यात मोठा खरा, पण त्यातला मोठा वाटा पावलं खातात. 7 मीटरवरून एकूण पुतळा लहान दिसतो, तरी डोकं 2.4 अंशांचं, म्हणजे जवळच्या जागेपेक्षा थोडं मोठंच दिसतं.

मग डोक्यासाठी वेगळं गणित करू. हनुवटी डोळ्यांच्या पातळीपासून साडेपाच मीटरवर आणि माथा 6 मीटरवर. गुणाकार 33, वर्गमूळ साधारण 5.75. पावणेसहा मीटरवर उभं राहिलं तर डोकं त्याच्या कमाल मापाचं, 2.5 अंशांचं दिसतं. तिथून संपूर्ण पुतळा 22.7 अंशांचा, म्हणजे कमालपेक्षा फक्त दीड अंशाने कमी. पुतळा पाहायला गेलात तर मी हीच जागा सांगेन. मुलांच्या वहीत उत्तर 3.87 असतं, पण मी उभा राहतो 5.75 वर.

या जागेसाठी तर कोनमापकही नको. डोकं उंचीला थोडंच असल्यामुळे हनुवटी आणि माथा या दोन्हींचे कोन 45 च्या आसपास येतात. म्हणजे चेहरा डोळ्यांच्या पातळीपासून जितका वर, साधारण तितकंच मागे उभं राहायचं. एक चौरस कागद कर्णावर दुमडा. त्रिकोण होईल. त्याची एक छोटी कड आडवी, दुसरी उभी, असा डोळ्यापाशी धरा आणि दुमडलेल्या कडेवरून वर पाहा. चेहरा त्या रेषेत येईपर्यंत पुढे-मागे व्हा. कड खरोखर आडवी आहे ना, हे शेजारच्याने बाजूने बघायला हवं. ती पाच अंश कलली तरी जागा मीटरभर सरकते.

पावलं झाकली जातात तेव्हा

बऱ्याच चौथऱ्यांचा माथा रुंद असतो आणि पुतळा कडेपासून आत उभा असतो. जवळ गेलं की चौथऱ्याची कड पावलं गिळते. आमच्याच मापांचा पुतळा कडेपासून अर्धा मीटर आत आहे असं धरा. 3.87 मीटरवरून कडेवरून जाणारी नजर पुतळ्याला पावलांपासून 37 सेंटिमीटर वर लागते. म्हणजे घोटे आणि नडगीचा काही भाग गेला. उरलेला पुतळा 20.6 अंशांचा दिसतो.

इथे दिसणारा खालचा बिंदू पाय नसून कड आहे, आणि ती पुतळ्याच्या पुढे आहे. त्यामुळे 90 चा नियम जसाच्या तसा चालत नाही. तेच स्पर्शाचं वर्तुळ कड आणि डोकं यांतून काढलं, तर सर्वोत्तम जागा 4.77 मीटरवर जाते आणि कोन 21.2 होतो. प्रत्यक्ष बागेत मात्र वर्तुळ काढत बसू नये. अर्ध्या-अर्ध्या मीटरवर खुणा कराव्यात, प्रत्येक ठिकाणी कडेचा आणि डोक्याचा कोन घेऊन फरक लिहावा आणि फरक सगळ्यात मोठा कुठे येतो ते पाहावं. याच उदाहरणात 6 मीटरवरही 20.6 च अंश मिळतात, पण झाकली जाते फक्त 23 सेंटिमीटर. सारख्याच कोनाच्या दोन जागांतून मागची घ्यावी.

कड आडवी येतेय हे ओळखायचं कसं? मागे जाताना पुतळ्याचा खालचा एखादा तपशील, मोजडीचं टोक किंवा धोतराची किनार, नव्याने दिसू लागली तर कड आडवी येत होती.

जमीन चढाची असेल तर

येऊरच्या पायथ्याकडे किंवा बेलापूरला टेकडीच्या अंगाने अगदी सपाट रस्ता मिळणं कठीण. रस्ता पुतळ्याकडे चढत जात असेल तर 90 मध्ये चढाचे अंश मिळवायचे. चढ 4 अंशांचा असेल तर बेरीज 94 होईल तिथे थांबायचं. पुतळ्याकडे उतार असेल तर तेवढे अंश वजा करायचे. कारण तेच: डोळा आता तिरक्या रेषेवरून सरकतो आणि वर्तुळाला त्या तिरक्या रेषेचा स्पर्श हवा. चढ मोजायला एक सरळ पट्टी रस्त्यावर ठेवून तिच्यावर फोन ठेवावा. नुसता फोन डांबरावर ठेवला तर एखादा खडा दोन अंशांनी फसवतो.

होर्डिंगला हे लागू पडतं का?

गणित तेच, उपयोग वेगळा. घोडबंदर रोडवरून जाताना दिसतं तसं, खांबांवर चढवलेलं एक होर्डिंग घेऊ. या धंद्यात मापं फुटांत बोलतात, म्हणून फुटांतच. फ्लेक्स 20 फूट उंच, त्याची खालची कड रस्त्यापासून 25 फुटांवर आणि पाहणाऱ्याचे डोळे 5 फुटांवर. म्हणजे a 20 आणि b 40. गुणाकार 800, वर्गमूळ 28 फुटांच्या थोडं वर. तिथून होर्डिंग साडेएकोणीस अंशांचं दिसतं.

पण 28 फुटांवर कोण उभं राहून वाचणार? बेरीज 90 याचाच अर्थ नजरेची मधली रेषा 45 अंश वर. कोणत्याही पुतळ्याला, कोणत्याही फलकाला, सर्वोत्तम जागेवर मान तेवढीच वर करावी लागते. गाडीत बसलेल्याला तर तेवढं वर दिसतच नाही, काचेची वरची कड आणि छत आडवं येतं. म्हणून होर्डिंगची जागा या सूत्राने ठरवणं मला पटत नाही. सूत्राचा खरा उपयोग उलट्या बाजूने आहे. पाहणारे कुठे असतील ते ठरलेलं असतं. समजा समोरचा बसथांबा 90 फुटांवर आहे. तिथून हेच होर्डिंग साधारण 11.5 अंशांचं दिसतं आणि मध्यावर पाहायला मान फक्त 18 अंश वर करावी लागते. कोन जवळपास निम्म्यावर आला, पण वाचायला हीच जागा सोयीची. मग विचार करायचा तो अक्षरांच्या मापाचा. फ्लेक्सवर दोन फुटांची ओळ त्या थांब्यावरून किती अंशांची दिसेल, हे तसंच काढता येतं, आणि वाचनीयता त्यावर ठरते.

जिथे सर्वोत्तम जागाच नसते

सूत्रात एक अट दडलेली आहे. वस्तूची खालची कड डोळ्यांच्या पातळीच्या वर हवी. ती पातळीवर किंवा खाली आली की a शून्य किंवा ऋण होतो आणि वर्गमूळाला अर्थ उरत नाही. मग जितकं जवळ जाल तितका कोन मोठा, मध्ये कुठेच शिखर येत नाही.

दहीहंडीला ठाण्यात थर लागतात तेव्हा हेच होतं. खालचा थर जमिनीवर उभा, म्हणजे आपल्या डोळ्यांच्या पातळीच्या खालपासून सुरू. जवळ जावं तितके थर नजरेत मोठे होत जातात. पण नजर फक्त वरच्या थरावरच्या गोविंदावर आणि हंडीवर असेल तर तो भाग डोळ्यांच्या वर आहे, आणि त्याला जागा सापडते. कागदाचा त्रिकोण तिथेही चालतो. हंडी डोळ्यांपासून 10 मीटर वर असेल तर 10 मीटर मागे. गर्दीत तेवढी मोकळी जागा मिळत नाही, म्हणून आमची मुलं आता रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पायऱ्या गाठतात. डोळे वर गेले की हंडीचं डोळ्यांपासूनचं अंतर कमी होतं, आणि योग्य जागा तेवढीच पुढे सरकते.